दिल्लीत फक्त रविवार-सोमवार, काय ठेवू नि काय गाळू?

करवीरकन्या

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटी गुडगावला चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे. आम्ही शनिवारी रात्री पुण्याहून विमानाने पोचतोय, मंगळवारपासून हळद-मेंदी सुरू, म्हणजे हातात रविवार आणि सोमवार एवढेच. माणसं पाच, मी, अहो, मुलगा (वय दहा), सासूबाई आणि सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर हळूहळू चालतात पण जिने जमत नाहीत. सासरे एकदम टणटणीत. मुक्काम भावाकडेच, गुडगावला, मेट्रो स्टेशन घरापासून जवळ आहे म्हणतो तो.

आता याद्या ऐका. सासऱ्यांना लाल किल्ला हवाच, आझाद हिंद सेनेचा खटला तिथे चालला म्हणून, त्यांच्या वडिलांनी त्या काळातल्या सगळ्या गोष्टी त्यांना सांगितल्यात. सासूबाईंना अक्षरधाम. मुलाला रेल्वे म्युझियम. अहोंना राष्ट्रीय संग्रहालय, मोहेंजोदडोची नर्तकी बघायची आहे. मला हुमायूनची कबर आणि कुतुब. शिवाय इंडिया गेट, लोटस टेंपल, चांदणी चौक हे सगळ्यांनाच. भाऊ म्हणतो गाडी करून देतो, दोन दिवसात सगळं होतं. मला ते पटत नाहीये. नुसतं गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, परत बसायचं असं नकोय. कशाला कात्री लावू सांगा.

अस्मिता७९

अगं सोमवारी दिल्ली बंद असते सगळी! लाल किल्ला, कुतुब, म्युझियम सगळं. आम्ही सोमवारी गेलो होतो, लाल किल्ल्याच्या बाहेरून परत आलो. तुला एकच दिवस आहे असं धरून चाल आणि सोमवारी शॉपिंग कर, सरोजिनी नगर वगैरे.

यमुनाकाठ

अस्मिताताई, अर्धं बरोबर आहे तुमचं. सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, रेल्वे म्युझियम बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपलही बंद. पण कुतुब आणि हुमायूनची कबर आठवड्याचे सातही दिवस उघडी असतात. आणि सरोजिनी नगरची सुट्टी पण सोमवारीच असते, तेव्हा शॉपिंगचं तेवढं सांगू नका :)

करवीरकन्या, मी नोकरीनिमित्त दिल्लीत बरीच वर्षं काढलीत, पाहुणे सारखे यायचे, त्यामुळे या कोड्याची सवय आहे. तुमच्या यादीकडे नीट बघा. सासऱ्यांचं, सासूबाईंचं, मुलाचं आणि अहोंचं, चारही जणांचं ठिकाण सोमवारी बंद. फक्त तुमची दोन उघडी. म्हणजे "दोन दिवसात काय बघू" असा प्रश्नच नाहीये. सोमवार आपोआप भरलाय, हुमायून आणि कुतुब, त्यावर डोकं लावायची गरज नाही. खरी मारामारी एकट्या रविवारची आहे, त्या एका दिवसावर चार मोठ्या ठिकाणांचा हक्क आहे आणि त्यातली दोनच बसतात. कोणती दोन हे घरात ठरवा, बाकीचा वेळ सोमवारवर घालवू नका.

मिहीर_क

दोनच का बसतात? लाल किल्ला दीड तास, संग्रहालय दीड तास, रेल्वे म्युझियम एक तास, अक्षरधाम दोन तास. सहा तास झाले. सकाळी नऊला निघालं तर संध्याकाळी सहापर्यंत आरामात होतं की. आम्ही कॉलेजात असताना एका दिवसात याहून जास्त केलंय.

यमुनाकाठ

मिहीर, तुम्ही आत घालवायचा वेळ धरलाय, आत शिरायचा नाही. लाल किल्ला साडेनऊला उघडतो. रविवारची गर्दी, तिकीट, सामानाची तपासणी, मग लाहोरी दरवाज्यापर्यंतची चाल, यातच अर्धा-पाऊण तास जातो. ऑनलाइन तिकीट काढलं तर एक रांग वाचते, तपासणीची रांग वाचत नाही. आत गेल्यावर छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-ए-आम, मग मागे यमुनेच्या अंगाला दिवाण-ए-खास, हे सगळं एका रेषेत सरळ आत आत जातं आणि तेवढंच चालत परत यायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सोबत घेऊन दीड तासात हे होत नाही, अडीच धरा.

अक्षरधामचं तर वेगळंच आहे. तिथे मोबाइल, कॅमेरा, पिशवी, खाणं काहीच आत नेता येत नाही, सगळं क्लोक रूमला जमा करायचं. रविवारी त्या रांगेत किती वेळ जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. मंदिराला तिकीट नाही पण आत जी तीन प्रदर्शनं आहेत, बोटीतली सफर, तो नीलकंठाचा चित्रपट आणि हलत्या बाहुल्यांचं, त्यांना तिकीट आहे आणि ती सगळी केली तर दोन-अडीच तास त्यातच जातात. अंधार पडल्यावर कारंज्यांचा शो असतो तो वेगळा. थोडक्यात अक्षरधाम हा अर्धा दिवस आहे.

आणि अंतरं. लाल किल्ला उत्तरेला, अक्षरधाम यमुनेच्या पलीकडे, रेल्वे म्युझियम चाणक्यपुरीत, गुडगाव त्याहून खाली. कॉलेजातल्या मुलांना चालतं, पाच जणांच्या घरात एकजण दमला की सगळे थांबतात.

रेल्वेवेडा

मुलाची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून लिहितो. दहा वर्षांचा मुलगा आहे, त्याला लाल किल्ल्यात काय कळणारे? रेल्वे म्युझियममध्ये पतियाळाची मोनोरेल आहे, एक चाक रुळावर आणि दुसरं मोठं चाक रस्त्यावर, असलं काही तो जन्मात दुसरीकडे बघणार नाही. छोटी गाडी पण आहे बसायला. सगळं मोकळ्या मैदानात, सपाट, आजीला बाकावर बसून राहता येतं. मोठ्यांच्या याद्या कापा आधी.

करवीरकन्या

@रेल्वेवेडा, मुलाला वाचून दाखवलं, आता तो मोनोरेलचंच बोलतोय दिवसभर.

@यमुनाकाठ, हे असं वारांप्रमाणे मांडून बघितलंच नव्हतं मी. अहो म्हणाले माझं संग्रहालय काढून टाका, मी नंतर कामानिमित्त दिल्लीला येईन तेव्हा बघेन, मला शांतपणे एकट्यालाच बघायला आवडेल ते. त्यामुळे एक कमी झालं. पण लाल किल्ल्याबद्दल एक विचारते, आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या की आत काहीच नाही, नुसती बाहेरची भिंत बघण्यासारखी आहे. खरंय का? सासऱ्यांचा हिरमोड व्हायला नको.

सदाशिवकाका

काकूंना रिकामं वाटलं असेल तर त्याला कारण आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी आतले बहुतेक महाल पाडले आणि सैन्यासाठी बराकी बांधल्या. दिवाण-ए-आमच्या आजूबाजूला आज जी मोकळी हिरवळ दिसते तिथे एकेकाळी आवारं, चौक, भिंती होत्या. हे माहीत नसेल तर माणूस म्हणतो एवढा मोठा किल्ला नि आत चार मंडप. माहीत असेल तर ती मोकळी जागाच बोलते.

आणि मराठी माणसाने दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून वर बघावं. तिथलं मूळ छत चांदीचं होतं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेचा खर्च भागेना म्हणून ती चांदी काढून तिची नाणी पाडली, आणि त्यानंतर काही महिन्यांत पानिपत. आज वर आहे ते नंतरचं लाकडी रंगवलेलं छत. मला तिथे उभं राहिल्यावर फार गलबलून आलं होतं, फौजेची किती ओढाताण झाली असेल ते त्या छताकडे बघून समजतं.

तुमच्या सासऱ्यांसाठी त्या बराकींमध्येच आता संग्रहालयं केली आहेत, एक नेताजी आणि आझाद हिंद सेनेवरचं आहे, २०१९ ला सुरू झालं. शाहनवाज खान, सहगल, धिल्लाँ यांचा खटला १९४५ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, तुम्ही पण नोव्हेंबरातच जाताय. त्या संग्रहालयाला निदान पाऊण तास वेगळा ठेवा, नाहीतर दिवाण-ए-खासपर्यंत जाऊन माणसं दमतात आणि नेमकं तेच राहून जातं. मी तर म्हणेन आधी संग्रहालय करा आणि मग आत जा.

करवीरकन्या

काका, सासऱ्यांना फोनवर हे वाचून दाखवलं. ते म्हणाले बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल, हे दाखवा. म्हणजे लाल किल्ला पक्का.

लेकीचीआई

माझ्या मुलीच्या लग्नाचा लेहंगा चांदणी चौकातून घ्यायचाय, तुम्ही रविवारी जाणारच आहात तर कोणत्या दुकानात भाव बरे आहेत ते बघून सांगाल का? आम्ही जानेवारीत जाणार आहोत.

यमुनाकाठ

ताई, रविवारी चांदणी चौकातली कापडाची बहुतेक दुकानं बंद असतात, आठवड्याची सुट्टी. तुम्ही सोमवार ते शनिवारमध्येच जा. आणि २६ जानेवारीच्या आधीचे काही दिवस टाळा, लाल किल्ल्याच्या बाजूचे रस्ते तालमी आणि बंदोबस्तामुळे कधीही बंद होतात.

पण करवीरकन्या, तुमच्यासाठी ही रविवारची सुट्टी उलट सोयीची आहे. खरेदी करायची नाहीये तर बंद दुकानं म्हणजे मोकळा रस्ता. मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारगाड्यांना बंदीच आहे, सायकलरिक्षा चालतात, सासूबाईंना रिक्षात बसवून फतेहपुरीपर्यंत एक फेरी मारा. तेवढा चांदणी चौक पुरे. गल्ल्यांमध्ये आत शिरू नका, तिथे गुडघ्यांचं काम नाही.

सदाशिवकाका

आणि लाल किल्ल्याच्या समोर जैनांच्या लाल मंदिराला लागून गौरीशंकर मंदिर आहे. ते आपा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने १७६१ मध्ये बांधलं असं सांगतात. सासूबाईंचं दर्शनही होईल.

नेहमीचाप्रवासी

मी वेगळं सांगतो. सोमवारी दिल्लीत निम्मं बंद आहे ना, मग सोमवारी दिल्लीत राहताच कशाला? आग्र्याला जा! ताज शुक्रवारी बंद असतो, सोमवारी उघडा. गतिमान एक्सप्रेस सकाळी ८.१० ला हजरत निजामुद्दीनहून निघते, दहाच्या आत आग्रा कँट. संध्याकाळी ५.५० ची परतीची, साडेसातला परत. ताज आणि आग्र्याचा किल्ला दोन्ही होतात. आणि आग्र्याचा किल्ला म्हणजे महाराज, १६६६. किल्ल्याच्या बाहेर महाराजांचा पुतळा पण आहे. मराठी माणूस दिल्लीपर्यंत जाऊन आग्रा सोडतो म्हणजे कमाल आहे.

मिहीर_क

+१. ताजपुढे हुमायून काय नि कुतुब काय. आणि कुतुबवर चढून वरून दिल्ली बघायला मजा येते पण सासूबाईंना जमणार नाही ते, मग कशाला जायचं.

यमुनाकाठ

मिहीर, कुतुबवर कोणालाच चढता येत नाही हो, १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, शाळेची मुलं होती त्यात, तेव्हापासून जिना बंद आहे. कुतुब खालूनच बघायचा. आणि म्हणूनच तो गुडघेदुखीवाल्यांना सोपा आहे, आवार बहुतांशी सपाट.

आग्र्याचं मात्र नेहमीचाप्रवासी बोलतायत त्यात तथ्य आहे, मी उडवून लावणार नाही. सोमवार हा दिल्लीसाठी लंगडा आणि आग्र्यासाठी चांगला वार आहे हे खरंच. गाडीच्या वेळाही बरोबर आहेत. फक्त हिशोब निजामुद्दीन स्टेशनपासून नाही तर गुडगावच्या घरापासून करा. ८.१० च्या गाडीसाठी सहाला घर सोडायचं, म्हणजे पाचला उठायचं, तेही आदल्या रात्री अक्षरधामहून नऊ-साडेनऊला परत आल्यावर. संध्याकाळी साडेसातला निजामुद्दीन, घरी नऊ. आणि मंगळवारी सकाळपासून लग्नघर. तरुण माणसं असती तर मीच म्हटलं असतं जा.

दुसरं, ताजचा बेत ठरला की सबंध सोमवार त्यात गेला, हुमायून आणि कुतुब दोन्ही गाळावे लागतील. ते चालणार असेल तर हा बेत वाईट नाही. पण अर्धा ताज, थोडा कुतुब असं काही होत नाही.

नेहमीचाप्रवासी

पहाटे एकदा उठायचं, त्यात काय एवढं. माझे आईवडील सत्तरीत होते तेव्हा केलंय. आयुष्यात परत कधी योग येतो का बघा. हुमायूनची कबर बघितली नाही म्हणून कोणी हळहळत नाही.

पायपीट

मी हळहळले असते. हुमायूनची कबर म्हणजे ताजची गरीब बहीण नाही हो. ताजच्या आधी ऐंशी-एक वर्षं, १५६० च्या दशकात बांधलेली. चार भागांची बाग, मध्ये पाण्याचे पाट, मधोमध उंच चौथरा आणि त्यावर दुहेरी घुमट, ही कल्पना हिंदुस्थानात एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथे दिसते, ताज नंतर त्याच वाटेने गेला. आणि सदाशिवकाकांच्या लाल किल्ल्याची गोष्ट इथेच येऊन संपते, १८५७ मध्ये दिल्ली पडल्यावर बहादूरशहा जफर किल्ला सोडून इथे येऊन लपला आणि इथेच हॉडसनने त्याला पकडला. रविवारी किल्ला आणि सोमवारी कबर बघितली तर सासऱ्यांना सगळा धागा एकसंध मिळेल.

फक्त करवीरकन्या, एक गोष्ट. मुख्य चौथऱ्यावर चढायला जिना आहे, चांगलाच उभा, दगडी पायऱ्या उंच उंच. सासूबाईंना तो नको. त्यांना आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला इसा खानची कबर आहे तिकडे न्या, ती हुमायूनच्याही आधीची, १५४७ ची, अष्टकोनी, छोटी, शांत. तिथे दोघींनी बसा, बाकीचे वर जाऊन येतील, मग अदलाबदल करून तू जा. बाजूलाच सुंदर नर्सरी आहे, तिचं तिकीट वेगळं, पण गवतावर बसून डबा खायला याहून चांगली जागा दिल्लीत नाही. मुलाला पळायला मैदान.

करवीरकन्या

बापरे, काल रात्री घरी आग्र्यावरून चांगलीच चर्चा झाली. सासरे महाराजांचं नाव निघाल्यावर हललेच. सासूबाई म्हणाल्या मला पाचला उठवू नका. अजून ठरत नाहीये. पण रविवारचं आता असं दिसतंय, सकाळी लाल किल्ला, दुपारी अक्षरधाम. रेल्वे म्युझियमचं काय करू? मुलगा रुसलाय.

रेल्वेवेडा

घर फोडा! म्हणजे रविवार दुपारी दोन गट करा. सासू-सासरे आणि तुम्ही अक्षरधाम, बाबा आणि मुलगा रेल्वे म्युझियम. चाणक्यपुरी गुडगावच्या वाटेवरच आहे, ते दोघं तिथून थेट घरी जातील. पाच जणांनी पाचही ठिकाणी एकत्रच गेलं पाहिजे असा नियम कुठे आहे?

यमुनाकाठ

ही सूचना मला फार आवडली. फक्त वेळेचं बघा, म्युझियम संध्याकाळी लवकर बंद होतं, लाल किल्ल्यातून बाराला बाहेर पडून दोघांनी लगेच टॅक्सी धरली आणि वाटेत काहीतरी खाल्लं तरच नीट बघून होईल. चांदणी चौकातलं जेवण त्यांना सोडावं लागेल.

अक्षरधामच्या गटासाठी, लाल किल्ल्यासमोरच "लाल किला" मेट्रो स्टेशन आहे, व्हायलेट लाइन. तिथून मंडी हाउस, तिथे ब्लू लाइन पकडायची. आता इथे खूप लोक चुकतात. ब्लू लाइनला यमुना बँकनंतर दोन फाटे फुटतात, एक वैशालीकडे आणि एक नोएडाकडे. अक्षरधाम नोएडाच्या फाट्यावर आहे. प्लॅटफॉर्म एकच असतो, म्हणून गाडीच्या तोंडावरची पाटी वाचून नोएडाचीच पकडा, वैशालीची आली तर सोडून द्या. चढलातच चुकून तर यमुना बँकला उतरायचं आणि पुढची घ्यायची.

साडेतीनच्या सुमाराला तिथे पोचा. प्रदर्शनं तिन्ही सोडा. दर्शन घ्या, मंदिराच्या तळाला हत्तींची रांग कोरलीय ती सावकाश फिरून बघा, सूर्यास्त साडेपाचच्या आत होतो, मग कारंज्यांचा शो, की निघा. व्हीलचेअर मिळते तिथे, मागून घ्या, संकोच करू नका.

आणि मोबाइल जमा केल्यावर तुमच्याकडे ना फोन, ना यूपीआय. आत खाण्यापिण्यासाठी रोख पैसे जवळ ठेवा. तिघांचे फोन एकाच पिशवीत घालून एकच टोकन घ्या म्हणजे परत घेताना एकानेच रांगेत उभं राहायचं. आणि "चुकामूक झाली तर कुठे भेटायचं" हे आत शिरतानाच ठरवा. आमचे एक पाहुणे त्या गर्दीत तासभर एकमेकांना शोधत होते, फोन दोघांचेही क्लोक रूममध्ये.

मिहीर_क

पण भाऊ गाडी देतोय ना, मग मेट्रोची यातायात कशाला? आजीला जिने नकोत म्हणताय आणि मेट्रोत दोनदा बदलायला लावताय.

यमुनाकाठ

प्रश्न रास्त आहे. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे, पण लिफ्ट कधी कधी नेमकी दुसऱ्या टोकाला असते आणि मंडी हाउस, राजीव चौकला लाइन बदलताना बरंच चालावं लागतं. रविवारी रस्ते त्या मानाने मोकळे असतात, तेव्हा रविवारी सासूबाईंसाठी गाडी वापरली तर माझी हरकत नाही, फक्त लाल किल्ल्याजवळ गाडी उभी करायला जागा मिळणं अवघड, ड्रायव्हरला सोडून जायला सांगा. सोमवारी सकाळी मात्र गुडगावहून दिल्लीकडे गाडीने निघू नका, ऑफिसची गर्दी असते, दोन तास रस्त्यातच जातील.

उडतापक्षी

माझा पण असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. दिल्ली विमानतळावर टी३ ला सहा तासांचा थांबा आहे, सोमवारीच, दुपारी एक ते सात. लाल किल्ला होईल का?

यमुनाकाठ

सोमवारी लाल किल्ला बंद, वरच लिहिलंय. आणि सहा तासांतून बाहेर पडणं, परत चेक-इन, सिक्युरिटी काढलं की हातात तीनच तास उरतात. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर बाहेर पडूच नका. देशातलं असेल आणि सामान हातातलंच असेल तर टॅक्सीने कुतुब एवढंच. दुपारच्या रहदारीवर लक्ष ठेवा.

अस्मिता७९

इंडिया गेट कोणीच धरलं नाही यादीत! दिल्लीला जाऊन इंडिया गेट नाही?

पायपीट

ते रात्री गाडीतून दिसतं की, अक्षरधामहून परत येताना वाकडी वाट करून. शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक मात्र उतरून बघण्यासारखं आहे, शहिदांची नावं भिंतींवर कोरली आहेत, तिकीट नाही. पण रविवारी संध्याकाळी तिथे एवढी गर्दी उसळते की मी असते तर गाळलं असतं. लोटस टेंपल तर सोमवारी बंद आणि रविवारी त्याला जागाच नाही, ते आपोआप गेलं.

करवीरकन्या

ठरलं बरंचसं. लिहून ठेवते म्हणजे कोणाला काही खटकलं तर सांगा.

रविवारी सगळे भावाच्या गाडीने साडेनऊपर्यंत लाल किल्ला, आधी नेताजींचं संग्रहालय, मग आत. तिकिटं आधीच ऑनलाइन काढणार, मुलाला पंधराच्या आत असल्यामुळे तिकीट लागत नाही हे पण कळलं. बाराला बाप-लेक मोनोरेल बघायला. आम्ही तिघं गौरीशंकराचं दर्शन, सायकलरिक्षाची एक फेरी, जेवण आणि मग अक्षरधाम, प्रदर्शनं नाहीत, कारंजी बघून घरी. संग्रहालय, लोटस टेंपल, इंडिया गेट गाळलं. इंडिया गेटवरून घरात थोडी कुरबुर आहे, पण होऊ दे.

सोमवारचं अडकलंय. सासूबाई, मी आणि मुलगा हुमायून-कुतुबच्या बाजूने, सासरे आणि अहो आग्र्याकडे झुकलेत. रेल्वेवेडा म्हणाले तसं इथेही घर फोडावं का, दोघांनी गतिमानने जाऊन यावं आणि आम्ही तिघांनी दिल्ली, असं आज सुचलंय. सासऱ्यांची तब्येत ठणठणीत आहे, पहाटे उठायची त्यांना सवयच आहे.

नेहमीचाप्रवासी

उत्तम! मग तिकीट आजच बघा. रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, लग्नसराईचा मोसम आहे, गतिमान भरते. परतीचं पण सोबतच काढा. जायचं मिळालं आणि यायचं वेटिंग राहिलं तर जाऊ नका, रात्री रस्त्याने परत येणं नोव्हेंबरअखेरीस धुक्यात नको.

पायपीट

पण मग सासऱ्यांचं हुमायून राहिलं, जफरची गोष्ट अर्धीच. मला वाईट वाटतंय, पण त्यांची निवड.

सदाशिवकाका

त्यांना महाराजांचं ओढ लावतंय, जाऊ द्या. आग्र्याच्या किल्ल्यात अमरसिंह दरवाज्याने आत जातात, पुतळा तिथेच बाहेर आहे. ताजला आधी जा, किल्ला दुपारी. किल्ल्याच्या सज्जातून लांबवर ताज दिसतो, दुपारनंतर हवा जरा स्वच्छ झाली की चांगला दिसतो.

यमुनाकाठ

तुम्हा तिघांच्या सोमवारचा क्रम उलटा करू नका एवढंच सांगतो. आधी हुमायून, शेवटी कुतुब. गुडगावहून येणारी यलो लाइन, तिच्यावर कुतुब मिनार स्टेशन वाटेतच लागतं, म्हणून मोह होतो की आधी तेच करू. पण तसं केलं तर संध्याकाळी दमल्यावर निजामुद्दीनहून गुडगावपर्यंतचा सगळा प्रवास शिल्लक राहतो. सकाळी नऊनंतर, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर यलो लाइनने सेंट्रल सेक्रेटरिएट, तिथे व्हायलेट, जेएलएन स्टेडियमला उतरून रिक्षा. दुपारी सुंदर नर्सरीत डबा. अडीचला तिथून निघा, साडेतीनच्या आत कुतुबला असलं पाहिजे कारण पाचनंतर उजेड भराभर जातो आणि लोहस्तंभ, अलाई दरवाजा, देवळांच्या खांबांचा तो मंडप हे कोरीवकाम उजेडातच दिसतं. कुतुब मिनार स्टेशन मिनारापासून चालत जाण्याइतकं जवळ नाही, दोन्ही वेळेला रिक्षा करा. तिथून घर एकाच गाडीत, बदलायचं काही नाही.

सासूबाईंना दमा वगैरे आहे का? त्या दिवसांत हवा फार खराब असू शकते. असेल तर सकाळी बाहेर पडण्याआधी हवेचा आकडा बघा, आणि फार वाईट दिसला तर हुमायून गाळून थेट दुपारी कुतुब करा.

करवीरकन्या

दमा नाहीये, पण खोकला होतो थंडीत. मास्क घेऊन ठेवते. गतिमानची दोन तिकिटं जाण्याची मिळाली, येण्याची वेटिंग दाखवतंय. अहो म्हणतात कन्फर्म होईल, सासरे म्हणतात वाट बघू. झालं नाही तर सोमवारी पाचही जण हुमायूनला.